प्रतिज्ञा म्हणजे भाषण नव्हे

बौद्ध पद्धतीच्या लग्नात होम नसतो, सप्तपदी नसते आणि कन्यादानही नसते. मुलगी ही दान द्यायची वस्तू नाही, हे आपण विधीतूनच सांगतो. पांढरी वस्त्रे, पाण्याने भरलेला कलश, त्यातून दोघांच्या हातात गेलेला पांढरा दोरा, त्रिशरण-पंचशील, प्रतिज्ञा, पुष्पहार आणि मंगल गाथा. क्रम गावागणिक थोडा मागेपुढे होतो, पण गाभा हाच. या सगळ्यात लग्न नेमके कधी लागते, असे मला कोणी विचारले तर मी प्रतिज्ञेकडे बोट दाखवीन. बाकीचे सगळे इतर लोक करतात. प्रतिज्ञा मात्र त्या दोघांनाच घ्यावी लागते, आणि तीही तोंडाने.

आता प्रत्यक्षात काय होते ते पाहा. बौद्धाचार्य माईकवरून एक वाक्य म्हणतात. नवरदेव ओठ हलवतो. फोटोग्राफर म्हणतो, "दादा, इकडे बघा." मागे जेवणाच्या पंगतीची घाई चाललेली असते. पाच वाक्ये संपतात आणि नवरदेव काय म्हणाला ते पहिल्या रांगेलाही कळत नाही, नवरीलाही कळत नाही. मग आपण ज्या पद्धतीवर टीका करतो तिच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला? तिथे दुसऱ्याच्या भाषेतले मंत्र तिसरा माणूस म्हणतो. इथे आपल्या भाषेतली वाक्ये आपण पुटपुटतो. ऐकू दोन्हीकडे काहीच येत नाही.

यावर लगेच उत्तर येते, "पोरगा लाजतो हो, त्याला बोलता येत नाही." हे उत्तर खरे आहे. आपल्या चळवळीत बोलणाऱ्याला फार मान आहे. चौदा एप्रिलला ज्याने माईक गाजवला तो पोरगा हुशार, आणि जो खुर्च्या लावतो, बॅनर बांधतो, रात्री मंडप सोडतो, तो "चांगला आहे, पण बोलत नाही". हा "पण" त्या मुलाला लहानपणापासून चिकटलेला असतो. लग्नात तोच मुलगा चारशे माणसांसमोर उभा राहतो आणि त्याच्या हातात माईक येतो. त्याला वाटते, आता भाषण करायचे आहे. तिथेच सगळे बिघडते, कारण प्रतिज्ञा म्हणजे भाषण नव्हे. भाषण गर्दीला उद्देशून असते. प्रतिज्ञा एकाच माणसाला उद्देशून असते आणि गर्दी फक्त साक्षीदार असते. हा फरक नीट धरला तर लाजऱ्या मुलासाठी प्रतिज्ञा लिहिणे शक्य होते, आणि ती कशी लिहायची ते मी माझ्या भाच्याच्या लग्नावरून सांगणार आहे.

भाचा एका कारखान्यात लेथ मशीनवर काम करतो. मशीनवर हात चालतो, तोंड चालत नाही. त्याची होणारी बायको एका रुग्णालयात नर्स आहे आणि तिला महिन्यात काही दिवस रात्रपाळी असते. लग्नाला तीन आठवडे असताना तो माझ्याकडे आला.

"मामा, बौद्धाचार्य म्हणतात ते मी म्हणतो. पण तिला वाटतं दोघांनी आपापलं पण थोडं बोलावं. मला बोलायला लावू नका. तुम्हीच लिहून द्या."

खिशातून मोबाईल काढून त्याने मित्राने पाठवलेला एक मजकूर दाखवला. त्यात चंद्र होता, श्वास होता, आणि सात जन्मांची साथ होती. मी त्याला विचारले, "तथागतांच्या मूर्तीसमोर उभा राहून तू सात जन्मांचं बोलणार?" तो हसला. मग दुसरा प्रश्न विचारला, "यातला एक तरी शब्द तू तिच्याशी फोनवर बोललास का कधी?" तो म्हणाला, "नाही." मजकूर बाद करायला एवढी दोन उत्तरे पुरेशी होती. लाजरा माणूस उसना मजकूर वाचतो तेव्हा त्याची लाज दुप्पट होते. एक लाज बोलण्याची आणि दुसरी खोटे बोलण्याची. त्याचा आवाज खाली जातो तो बहुतेक वेळा या दुसऱ्या कारणाने.

इथे कोणी म्हणेल, पाच प्रतिज्ञा आहेत की, आणखी कशाला हव्यात? त्या पाच कुठून आल्या ते आधी बघू. दीघ निकायातल्या सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: पत्नीचा सन्मान करणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, तिच्याकडे अधिकार सोपवणे आणि तिला वस्त्रालंकार देणे. पत्नीचीही पाच आहेत. बौद्धाचार्य म्हणून घेतात त्या प्रतिज्ञा यावरच उभ्या आहेत. त्या काढा असे मी मुळीच म्हणत नाही. पण "सन्मान करीन" हे वाक्य कोणताही नवरा कोणत्याही बायकोला म्हणू शकतो. या घरात, या दोघांच्या पाळ्यांमध्ये, या पगारात सन्मान कसा दिसणार, हे तो शब्द सांगत नाही. ते सांगायचे काम नवऱ्याचे आहे. आपल्या स्वतःच्या दोन-चार वाक्यांचे काम एवढेच, की पाचांपैकी एखादी प्रतिज्ञा आपल्या घरात आणून ठेवायची.

आणि हे काही नवे फॅड नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुरोहिताशिवाय लग्ने लावून दाखवली. १८८७ साली त्यांनी छापलेल्या पूजाविधीच्या पुस्तकात मंगलाष्टके आहेत, आणि ती नवरा-नवरीने एकमेकांना उद्देशून मराठीत म्हणायची आहेत. त्यात नवरी स्त्रियांच्या हक्काचे बोलते आणि नवऱ्याला त्याला उत्तर द्यावे लागते. म्हणजे नवरदेवाने नवरीशी तिला कळेल अशा भाषेत बोलावे, ही आपल्याच घरातली परंपरा आहे.

किती बोलावे, याचे उत्तर कायद्याने दिले आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात लग्न कोणत्याही पद्धतीने लावा म्हणतात, फक्त विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना एक वाक्य म्हटले पाहिजे: मी अमुक, तुला तमुकला, माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो. तेही दोघांना समजेल अशा कोणत्याही भाषेत. एका वाक्यात आख्खे लग्न. भाच्याला हे सांगितले तेव्हा त्याचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. मी म्हणालो, "आपण त्यापेक्षा थोडं जास्त बोलू. पन्नास शब्द. अर्धा मिनिट." संथ बोलले तरी पन्नास शब्दांना अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. लाजऱ्या माणसाला अर्धा मिनिट पेलवतो, कारण शेवट दिसत असतो. दोन मिनिटांचा मजकूर हातात दिला की तो पहिल्या ओळीपासून पळायला लागतो.

मग प्रश्न आला मजकुराचा. लाजऱ्या माणसाला समोर बसवून "तुला तिच्याबद्दल काय वाटतं?" असे विचारले तर तो म्हणतो, "चांगली आहे." यात त्याचा दोष नाही. प्रश्न चुकीचा आहे. वाटण्याबद्दल विचारू नये, घडलेल्या आणि घडणाऱ्या गोष्टींबद्दल विचारावे. आणि समोरासमोर बसून विचारू नये. पत्रिका वाटायला आम्ही दोघे मोटारसायकलवरून चार-पाच गावे फिरलो. तो गाडी चालवत होता आणि मी मागे बसलो होतो. नजरेला नजर नव्हती, म्हणून तो बोलला. मी तीनच गोष्टी विचारल्या. ती दमून येते तेव्हा काय होतं? तुमचं भांडण झालं तेव्हा काय झालं? आणि आपल्या घरातली कोणती गोष्ट तिच्या वाट्याला येऊ नये असं तुला वाटतं?

गाव आले की मी त्याचे शब्द जसेच्या तसे पत्रिकेच्या पाकिटावर टिपून घेत होतो. ते असे होते.

"रात्रपाळी करून ती सकाळी साडेआठला घरी येणार. आणि आई म्हणणार, भाजी चिरायचीय. तिला झोपायला पाहिजे ना."

"एकदा तिला माझा राग आला होता. मी चार दिवस फोन केला नाही. मला राग नव्हता मामा, काय बोलायचं ते सुचत नव्हतं. ती म्हणाली, भांडला असतास तरी चाललं असतं, पण असा गप्प बसू नको."

"तिला वडील नाहीत. आईला दर महिन्याला पैसे पाठवते. आमच्याकडं कुणीतरी विचारलं, लग्नानंतर पण पाठवणार का?"

प्रतिज्ञा या तीन उत्तरांतच होती. मला काही सुचवायचे उरले नव्हते, फक्त ती नीट मांडायची होती. मांडताना प्रत्येक वाक्याला मी दोन प्रश्न लावले. पहिला: हे वाक्य मोडले तर ते कसे कळेल? "तुला सुखात ठेवीन" हे कधी मोडले ते कोणालाच सांगता येत नाही, म्हणून ते पाळलेही जात नाही. दुसरा: यातले क्रियापद कोणाचे आहे? प्रतिज्ञा घेणाऱ्याने आपण काय करणार ते सांगायचे असते. समोरच्याने काय करायचे ते सांगितले तर तो हुकूम होतो.

पैशांचे वाक्य त्याने स्वतः म्हणून दाखवले: "तुझ्या आईला मी पैसे पाठवू देईन." हेतू चांगला, वाक्य वाईट. "पाठवू देईन" म्हणजे परवानगी देणारा तू आहेस. पगार तिचा, आई तिची, आणि परवानगी तुझी? "बायकोला नोकरी करू देईन", "शिकू देईन", "माहेरी जाऊ देईन" ही वाक्ये आपल्या सुशिक्षित पोरांच्या तोंडी सर्रास असतात, आणि त्यांना ती पुरोगामी वाटतात. सुत्तात अधिकार सोपवण्याची गोष्ट आहे. जे तिचेच आहे ते "देण्याचा" आव आणायला तिथे जागा नाही. मी त्याला एवढेच विचारले, "तू तुझ्या आईला पैसे देतोस तेव्हा कुणाला विचारतोस?" तो थोडा वेळ गाडी चालवत राहिला आणि म्हणाला, "मग असं म्हणू का, तुझा पगार तुझा?" मी म्हणालो, "अजून?" तो म्हणाला, "आणि तुझी आई आपल्या दोघांची." हे वाक्य त्याचे आहे. मला ते लिहिता आले नसते.

रात्रपाळीचे वाक्य आधी असे होते: "तू रात्रपाळी करून आलीस की झोपायचं. घरचं मी बघेन." पहिल्या वाक्यातले क्रियापद तिचे होते आणि दुसरे वाक्य मोघम होते. "घरचं" म्हणजे काय? त्याला पाळ्या विचारल्या. पहिल्या पाळीला तो सातच्या आत कारखान्यात पोचतो. मग ती साडेआठला येईल तेव्हा तो घरी असणारच नाही. असे वाक्य मांडवात छान वाटले असते आणि पंधरा दिवसांत मोडले असते. म्हणून विचारले, "स्वयंपाक काय काय येतो?" वरण-भात येतो, भाजी येते, चपाती येत नाही. मग ठरले, त्या दिवशीचा स्वयंपाक निघण्यापूर्वी किंवा आदल्या रात्री तो करून ठेवणार. भात चालतो, चपातीचा हट्ट कोणी करायचा नाही. वाक्य बदलले: "तू रात्रपाळी करून येशील त्या दिवशी स्वयंपाक मी करीन. तू झोप."

पण हे वाक्य फक्त बायकोला लागू होत नाही. त्याची आई, म्हणजे माझी ताई, पहिल्या रांगेत बसणार होती. चारशे लोकांसमोर तिला ही गोष्ट पहिल्यांदा कळली असती तर तो तिचा अपमान झाला असता, आणि त्याची किंमत नव्या सुनेने मोजली असती. साक्षीदारांसमोर बोललेल्या शब्दाला वजन येते हे खरे, पण ते वजन घरातल्या माणसाच्या डोक्यात घालायचे नसते. मी भाच्याला म्हणालो, "आधी आईला सांग. तिला सांगता येत नसेल तर मांडवातही बोलू नको." त्याने हळदीच्या दोन दिवस आधी सांगितले. ताई म्हणाली, "मला कोणी झोपू दिलं होतं का?" मग बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "तू करणार असशील तर माझं काय म्हणणं आहे? पण भांडी पण घास." एवढे बोलणे घरात झाले, हाच मला त्या प्रतिज्ञेचा पहिला फायदा वाटतो.

तिसरी गोष्ट अबोल्याची. ही मला सर्वांत महत्त्वाची वाटली. लाजऱ्या नवऱ्याच्या गप्प बसण्याला आपण साधेपणा म्हणतो, पण बंद खोलीत त्याच्या बायकोला ते गप्प बसणे शिक्षेसारखे वाटू शकते. म्हणून त्याने "मी तुझ्याशी मनमोकळं बोलेन" असे वचन द्यावे का? ते त्याला जमणार नव्हते. जे जमणार नाही ते लिहायचे नाही. त्याला जमणारी गोष्ट लहान होती. सुचत नसेल तेव्हा "सुचत नाही" एवढे सांगणे. दोन शब्द. चार दिवसांच्या मौनापेक्षा ते दोन शब्द पुष्कळ आहेत.

मग त्याच्या तोंडी नसलेले शब्द काढले. माझ्या टिपणात एका जागी "सहजीवन" होते. तो हा शब्द घरात वापरत नाही, म्हणून काढला. "जीवनसाथी", "अर्पण", "सदैव" यांना जागाच नव्हती. "प्रेम" हा शब्दही नाही. तो शब्द म्हणताना त्याचे कान लाल होतात, आणि स्वयंपाकाच्या वाक्यात तो आलेलाच आहे. शेवटचा मजकूर असा ठरला. सुरुवातीला तिचे नाव आहे, ते मी इथे देत नाही.

"…, मी कमी बोलतो, तुला माहीत आहे.
पण तुझ्याशी अबोला धरणार नाही. सुचलं नाही तर सुचत नाही म्हणून सांगेन.
तू रात्रपाळी करून येशील त्या दिवशी स्वयंपाक मी करीन. तू झोप.
तुझा पगार तुझा. तुझी आई आपल्या दोघांची.
हे मी सगळ्यांसमोर सांगतोय. चुकलो तर आठवण करून दे."

नाव धरून ४६ शब्द. सुरुवात तिच्या नावाने केली त्यामागे कारण आहे. घाबरलेल्या माणसाला पहिला शब्द सर्वांत जड जातो, म्हणून तो शब्द त्याच्या जिभेवर सर्वांत जास्त वेळा आलेला असावा. शिवाय नावाने हाक मारली की मान आपोआप तिच्याकडे वळते आणि गर्दी बाजूला पडते. लग्नात "नाव घे, नाव घे" म्हणून उखाण्याचा आग्रह होतो. तिथे यमक जुळवायचे असते, लोकांना हसवायचे असते, आणि लाजरा माणूस आणखी आक्रसतो. इथे यमक नाही. नाव घ्यायचे ते हाक मारण्यासाठी.

शेवटचे वाक्यही विचार करून ठेवले आहे. मजकूर संपला हे लोकांना ऐकूनच कळले पाहिजे. ते कळले नाही तर तीन-चार सेकंद शांतता पसरते, मागून कोणीतरी शिट्टी मारतो, आणि नवरदेवाला वाटते आपले काही चुकले. "आठवण करून दे" इथे आवाज आपोआप खाली उतरून थांबतो. त्यानंतर लगेच बौद्धाचार्यांनी "साधु, साधु, साधु" म्हणायचे, असे आम्ही त्यांच्याशी आधीच ठरवून घेतले होते. लोकही मग त्यांच्या मागून साधुकार देतात आणि शांतता भरून निघते.

सरावाबद्दल लोक दोन टोकांना जातात. कोणी म्हणते पाठ कर, कोणी म्हणते जाऊन आयत्या वेळी मनातले बोल. आयत्या वेळी मनातले येते ते बोलक्या माणसाला. लाजऱ्याच्या मनात त्या क्षणी काहीच नसते. आणि सगळे पाठ केले तर एक शब्द निसटला की पुढचा सगळा मजकूर निसटतो. आम्ही फक्त पहिली आणि शेवटची ओळ पाठ केली. मधल्या तीन ओळी वाचायच्या. सराव मोठ्याने करायचा, मनातल्या मनात नाही, कारण मनातल्या वाचनात श्वास लागत नाही. कामावरून येताना रिकाम्या रस्त्यावर तो चालत चालत म्हणायचा. दुसऱ्या ओळीत तो दर वेळी अडखळायचा. "सुचलं नाही तर सुचत नाही" हे एका दमात म्हटले की जीभ अडकते. शब्द त्याचेच होते, म्हणून ते बदलले नाहीत. "तर" नंतर छोटा थांबा घेतला आणि अडखळणे गेले. ओळ कुठे अडते हे कागदावर दिसत नाही, तोंडानेच कळते.

वाचायचे कशावरून, यालाही महत्त्व आहे. मोबाईलवरून नाही. ऐन वेळी स्क्रीन बंद होते, फोन येतो, आणि फोटोत नवरदेव मोबाईल बघताना दिसतो. साधा पातळ कागदही नको. हात थरथरला की कागद दुप्पट थरथरतो आणि माईकवर त्याची फडफड ऐकू येते. आम्ही लग्नपत्रिकेचाच जाड पुठ्ठा पोस्टकार्डाएवढा कापला आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर एकेक वाक्य एकेका ओळीत, मोठ्या अक्षरांत, मध्ये मोकळी जागा सोडून लिहिले. स्वतःच्या हाताने त्यानेच लिहिले. दुसरी प्रत बौद्धाचार्यांकडे. तो थांबला तर त्यांनी पुढच्या ओळीचा पहिला शब्द हळूच सांगायचा.

जागाही ठरवली. पाच प्रतिज्ञा बौद्धाचार्यांच्या मागून म्हणून झाल्या की लगेच. तोपर्यंत त्याचा आवाज पाच वेळा बाहेर पडलेला असतो, घसा मोकळा झालेला असतो. माईक स्टँडवर, म्हणजे हातात धरायला नको. उभे राहायचे ते नवरीकडे तोंड करून, लोकांकडे खांदा करून. फोटोग्राफरला सांगितले होते, या अर्ध्या मिनिटात दोघांच्या मध्ये यायचे नाही. नवरीनेही तेवढेच बोलायचे, जास्त नाही, हेही दोघांनी ठरवून घेतले. एकाने अर्धा मिनिट आणि दुसऱ्याने पाच मिनिटे बोलले की कमी बोलणारा उगीच लहान दिसतो. ती काय बोलली ते तिचे आहे, ते मी लिहिणार नाही.

मांडवात त्याचा आवाज मोठा नव्हता. तिसऱ्या ओळीला तो थांबला, पुठ्ठ्याकडे बघितले, आणि पुढे गेला. मागच्या रांगांना सगळे ऐकू गेले असेल असे मी म्हणणार नाही. तिला ऐकू गेले, ताईला ऐकू गेले. पुठ्ठा त्याने तिच्या हातात दिला. हे महत्त्वाचे. प्रतिज्ञा जिला दिली तिच्याकडे तिची लेखी प्रत असली पाहिजे. आता महिन्याच्या पाळ्यांचा तक्ता आणि तो पुठ्ठा त्यांच्या स्वयंपाकघरात शेजारी शेजारी लावलेले आहेत.

याला मर्यादा आहेत. काही मुलांना गर्दीसमोर दोन शब्दही निघत नाहीत, जीभ खरोखरच धरते. त्यांना "धीट हो" म्हणून काही होत नाही, आणि लग्नाच्या दिवशी कोणाला धीट करायचे नसते. त्यांच्यासाठी मजकूर तोच ठेवावा आणि बौद्धाचार्यांनी एकेक ओळ आधी म्हणावी. शब्द त्याचेच राहतात, फक्त आधार मिळतो. तेही जमत नसेल तर पाचातली एकच ओळ निवडावी. त्याहून अवघड असेल तर नोंदणी कार्यालयात तीन साक्षीदारांसमोर ते एक वाक्य म्हणावे आणि बाकीचे घरी, दार लावून, तिला वाचून दाखवावे. एक गोष्ट मात्र करू नये: मामाने, मित्राने किंवा सूत्रसंचालकाने त्याच्या वतीने वाचणे. दुसऱ्याच्या तोंडून घेतलेली प्रतिज्ञा त्या दुसऱ्याची होते. मंत्र म्हणणाऱ्या मध्यस्थाला आपण एकदा बाहेर काढले आहे, त्याला या वाटेने परत आणायचे कारण नाही.

माझे बौद्धाचार्यांना एवढेच म्हणणे आहे. पाच प्रतिज्ञा झाल्या की दोघांना एकेक मिनिट द्या, आणि ते मिनिट देणार आहात हे त्यांना तीन आठवडे आधी सांगा. त्या तीन आठवड्यांत मुलगा आपल्या आईशी, होणाऱ्या बायकोशी आणि स्वतःशी जे बोलतो, त्यातूनच ती चार-पाच वाक्ये तयार होतात. मांडवात ती फक्त ऐकू येतात.